क्लाउड सर्टिफिकेशन: फ्रेशर, डेव्हलपर आणि सिस्टम अ‍ॅडमिन यांनी कोणती परीक्षा आधी द्यावी?

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ या भागातून वारंवार येणारे प्रश्न

सगळे जण एकाच परीक्षेपासून सुरुवात का करत नाहीत?

कारण तिघांची अडचण वेगळी असते. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला नेटवर्क म्हणजे काय, हेच नीट माहीत नसतं. डेव्हलपरला कोड येतो, पण परवानग्या आणि संदेशांच्या रांगा यांत तो अडकतो. सिस्टम अ‍ॅडमिनला सर्व्हर, आयपी, बॅकअप हे सगळं पाठ असतं. त्याच गोष्टी क्लाउडमध्ये वेगळ्या नियमाने चालतात, तिथे त्याचा घोळ होतो. म्हणून पहिली परीक्षा अशी निवडा जी तुमच्या उणिवेवर बोट ठेवेल. जे आधीच येतं त्याचंच प्रमाणपत्र घेण्यात पैसे घालवू नका.

एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या, कोणत्याही परीक्षेला आधीच्या परीक्षेची सक्ती नाही. त्यामुळे क्रम तुमच्या हातात आहे, आणि चूकही तिथेच होते.

एडब्ल्यूएस, अ‍ॅझ्युर की गुगल क्लाउड?

हातात काही कामच नसेल, म्हणजे फ्रेशर असाल, तर एडब्ल्यूएस घ्या. शिकायचं साहित्य भरपूर मिळतं आणि परीक्षांची पायरी सरळ आहे. डेव्हलपरने कंपनीचा कोड आज जिथे चालतो तेच क्लाउड घ्यावं. विंडोज सर्व्हर आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी सांभाळणाऱ्याने अ‍ॅझ्युरकडे जावं, कारण त्याचं निम्मं ज्ञान तिथे तसंच उपयोगी पडतं. गुगलची असोसिएट क्लाउड इंजिनिअर ही चांगली परीक्षा आहे, पण नेमणूक करणाऱ्या कंपनीत गुगल क्लाउड वापरात असेल तरच ती पहिली द्या.

तीन क्लाउडच्या तीन पायाभूत परीक्षा देऊन तीन बॅज मिळवणं हा मात्र आमच्या मते सरळ तोटा आहे. तिन्हींत तेच ते प्रश्न वेगळ्या नावांनी येतात, आणि मुलाखतीत एकाही क्लाउडवर दोन पायऱ्या खोल जाता येत नाही.

फ्रेशरने क्लाउड प्रॅक्टिशनर द्यावी की थेट सोल्युशन्स आर्किटेक्ट?

आधी हिशोब पाहू. क्लाउड प्रॅक्टिशनर (CLF-C02) १०० डॉलरला आहे: ६५ प्रश्न, ९० मिनिटं, १००० पैकी ७०० गुण लागतात. सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट (SAA-C03) १५० डॉलरला आहे: ६५ प्रश्न, १३० मिनिटं, ७२० गुण. दोन्हींवर कर वेगळा.

एडब्ल्यूएसची कोणतीही परीक्षा पास झालात की पुढच्या परीक्षेसाठी निम्म्या फीची सवलत मिळते. म्हणजे आधी प्रॅक्टिशनर दिली तर १०० अधिक ७५, एकूण १७५ डॉलर. थेट आर्किटेक्ट दिली तर १५०. फरक फक्त २५ डॉलरचा. शिवाय नंतर असोसिएट पास झालात की प्रॅक्टिशनरची मुदतही आपोआप वाढते.

म्हणून ज्याने आजवर एकही संगणकीय प्रमाणपत्र परीक्षा दिलेली नाही, त्याने प्रॅक्टिशनर द्यावी. परीक्षेचं वातावरण, इंग्रजी प्रश्नांची लांबी, वेळ पुरतो की नाही, हे सगळं स्वस्तात कळतं. पण तिच्यावर तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त वेळ घालवू नका आणि तिथेच थांबूही नका. कोणत्या सेवेचं काम काय, बिल कसं लागतं, सुरक्षेची कोणती जबाबदारी कोणाची, एवढंच ती विचारते. सर्व्हर उभा करता येतो की नाही, हे ती तपासत नाही, आणि मुलाखत घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

सवलतीचा कोड एडब्ल्यूएस सर्टिफिकेशनच्या खात्यातून घेऊन पैसे भरतानाच टाकावा लागतो. पैसे भरून झाल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

या दोन परीक्षांच्या मध्ये काय शिकायचं? आर्किटेक्टची तयारी झाली हे कसं ओळखायचं?

मध्ये एक महिना लिनक्स आणि नेटवर्क. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या बीसीए, बीएस्सी किंवा जवळपासच्या अभियांत्रिकी कॉलेजांतली मुलं नेटवर्किंगचा पेपर पास झालेली असतात. तरी `10.0.1.0/24` मध्ये किती पत्ते असतात असं विचारलं की थबकतात. उत्तर २५६, आणि एडब्ल्यूएसच्या सबनेटमध्ये त्यातले वापरता येतात २५१, कारण प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं. एवढं बोटांवर आलं पाहिजे.

तयारी ओळखायची आमची कसोटी एकच आहे. स्वतःची व्हीपीसी, म्हणजे एडब्ल्यूएसमधलं तुमचं खाजगी नेटवर्क, बनवा. तयार मिळते ती डिफॉल्ट व्हीपीसी नको. त्यात एक सबनेट, एक इंटरनेट गेटवे, एक राउट टेबल आणि एक लिनक्स सर्व्हर. मग एसएसएचने, म्हणजे कमांड लाइनवरून, त्या सर्व्हरमध्ये शिरा. पहिल्या फेरीत ते बहुतेक लागणार नाही, आणि खरं शिक्षण तिथेच आहे. पडद्यावर या तिघांपैकी एक ओळ येईल:

```
Connection timed out
Connection refused
Permission denied (publickey)
```

पहिली ओळ आली तर तुमचं डेटाचं पाकीट सर्व्हरपर्यंत पोचलंच नाही किंवा उत्तर परत आलं नाही. सर्व्हरला पब्लिक आयपी आहे का, राउट टेबलमध्ये `0.0.0.0/0` इंटरनेट गेटवेकडे जातो का, सिक्युरिटी ग्रुपमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये, २२ नंबरचा पोर्ट तुमच्या आयपीला उघडा आहे का, हे याच क्रमाने पाहा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांचा आयपी बदलत राहतो. काल "My IP" निवडून केलेला नियम आज चालत नाही, आणि मुलगा दोन तास चुकीच्या जागी शोधत बसतो.

दुसरी ओळ आली तर रस्ता ठीक आहे, पण पलीकडे त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सेवा बंद आहे किंवा मशीन अजून सुरू होतंय. तिसरी ओळ म्हणजे तुम्ही दारापर्यंत पोचलात, पण किल्ली किंवा नाव चुकलं. अ‍ॅमेझॉन लिनक्सवर नाव `ec2-user`, उबुंटूवर `ubuntu`. इथे सिक्युरिटी ग्रुप बदलून काहीच होणार नाही.

हे जमलं की स्वतःहून एक नवीन नेटवर्क एसीएल, म्हणजे सबनेटची फायरवॉल, लावा आणि येणारा पोर्ट २२ तेवढा उघडा. पुन्हा टाइमआउट येईल. कारण सिक्युरिटी ग्रुप आलेल्या जोडणीचं उत्तर आपोआप बाहेर सोडतो, एसीएल सोडत नाही. उत्तर तुमच्या मशीनच्या वरच्या कुठल्यातरी पोर्टवर जातं, म्हणून बाहेर जाणारे १०२४ ते ६५५३५ पोर्टही उघडावे लागतात. हा फरक हाताने अनुभवलेल्या मुलाला आर्किटेक्टचे नेटवर्कवरचे प्रश्न पाठ करावे लागत नाहीत. ही सगळी मोडतोड न बघता दुरुस्त करता आली की परीक्षेची तारीख घ्या.

सरावाचं बिल अंगावर येईल का?

येऊ शकतं, पण नेमकं कशाने येतं ते माहीत असलं की टाळता येतं. १५ जुलै २०२५ पासून उघडलेल्या नव्या एडब्ल्यूएस खात्याला १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं आणि काही ठरावीक कामं पूर्ण केली की आणखी १०० पर्यंत. फ्री प्लॅन सहा महिने किंवा क्रेडिट संपेपर्यंत चालतो. म्हणून खातं उघडायची घाई करू नका. लिनक्सचा महिना घरच्या मशीनवर काढा, खातं नंतर उघडा.

सर्वांत जास्त फसवतो तो नॅट गेटवे, म्हणजे पब्लिक आयपी नसलेल्या सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणारी सेवा. मुंबई रिजनमध्ये तो ताशी साधारण साडेपाच सेंट घेतो, वापरा अथवा नका वापरू. महिनाभर विसरलात तर चाळीस डॉलरच्या आसपास. पब्लिक आयपीव्ही४ पत्त्यालाही १ फेब्रुवारी २०२४ पासून ताशी अर्धा सेंट लागतो. आरडीएस या डेटाबेस सेवेतला डेटाबेस "बंद" करून निश्चिंत होऊ नका, सात दिवसांनी तो आपोआप सुरू होतो. सराव संपला की डिलीटच करा. पहिल्याच दिवशी रूट खात्याला एमएफए, म्हणजे पासवर्डसोबत दुसरा कोड, लावा आणि बजेटचा इशारा ठेवा. दिवसाच्या शेवटी वर कोपऱ्यात रिजन कोणता दिसतोय ते बघा. व्हर्जिनियात सुरू केलेला सर्व्हर मुंबईच्या यादीत दिसत नाही, आणि बिल मात्र चालू असतं.

दोन-तीन वर्षं कोड लिहितोय. माझी पहिली परीक्षा कोणती?

प्रॅक्टिशनर सोडून द्या आणि थेट डेव्हलपर असोसिएट (DVA-C02) द्या. फी, प्रश्न, वेळ आणि गुण आर्किटेक्टइतकेच. त्यानंतर निम्म्या फीमध्ये आर्किटेक्ट. बरेच जण उलटा क्रम सांगतात. आमचं मत वेगळं आहे: रोज कोड लिहिणाऱ्याला सर्व्हरशिवाय कोड चालवणारा लॅम्डा, संदेशांची रांग एसक्यूएस, डेटाबेस डायनॅमोडीबी, परवानग्या देणारे आयएएम रोल या गोष्टी दुसऱ्याच दिवशी कामात वापरता येतात, त्यामुळे अभ्यास टिकतो. आर्किटेक्टमधले स्टोरेजचे आणि नेटवर्कचे पर्याय नंतर वाचले तरी चालतात.

या परीक्षेत ३२ टक्के भाग सेवा वापरून कोड लिहिण्यावर आणि २६ टक्के सुरक्षेवर आहे. डेव्हलपर लोकांचे गुण बहुधा सुरक्षेत जातात. अ‍ॅक्सेस की कोडमध्ये लिहिण्याची सवय असते, आणि परीक्षा प्रत्येक वेळी विचारते की रोल कुठे लावायचा.

डेव्हलपर असोसिएटचा एखादा खरा प्रश्न कसा असतो?

परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगता येत नाहीत, पण त्या जातीचं एक उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. रावेरच्या केळी व्यापाऱ्यासाठी अ‍ॅप आहे. काट्यावर गाडीचं वजन झालं की एक संदेश एसक्यूएसच्या रांगेत पडतो. लॅम्डा तो उचलतो, पावती बनवतो आणि शेतकऱ्याला एसएमएस पाठवतो. एका संदेशाला ८ सेकंद लागतात, लॅम्डा एका वेळी १० संदेश घेतो आणि त्याचा टाइमआउट ६० सेकंद आहे. रांगेचा व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे उचललेला संदेश इतरांपासून लपून राहतो तो वेळ, तोही ६०. दिवसभर ठीक चालतं. संध्याकाळी गाड्यांची गर्दी झाली की शेतकऱ्यांना एकच पावती दोन-दोनदा येते.

गर्दी नसताना लॅम्डाला एका वेळी एक-दोनच संदेश मिळतात, म्हणून दोष दिसत नाही. गर्दीत पूर्ण दहा मिळतात. दहा संदेशांना ८० सेकंद लागतात. ६० व्या सेकंदाला लॅम्डा बंद पडतो तेव्हा सात एसएमएस गेलेले असतात. पण रांगेच्या दृष्टीने दहा संदेशांचा पूर्ण गट अपयशी झाला, म्हणून दहाही संदेश परत दिसू लागतात आणि त्या सात शेतकऱ्यांना पुन्हा एसएमएस जातो.

फक्त व्हिजिबिलिटी टाइमआउट वाढवला तर? दुसरा एसएमएस उशिरा येईल, एवढंच. आधी लॅम्डाचा टाइमआउट १२० सेकंद करावा किंवा एका वेळी पाचच संदेश घ्यावेत. व्हिजिबिलिटी टाइमआउट लॅम्डाच्या टाइमआउटच्या किमान सहापट ठेवावा अशी एडब्ल्यूएसची शिफारस आहे, म्हणजे १२० ला ७२० सेकंद. जे संदेश फसले तेवढेच परत पाठवायची सोयही आहे, पण लॅम्डा टाइमआउटने मेला तर तिचा उपयोग होत नाही, कारण कोणते फसले हे सांगायला कोणी उरतच नाही.

आणि हे सगळं करूनही साधी एसक्यूएस रांग एखादा संदेश दोनदा देऊ शकते. म्हणून पावती क्रमांक डायनॅमोडीबीत "आधीपासून नसेल तरच लिही" या अटीने लिहावा, आणि लिहिलं गेलं तरच एसएमएस पाठवावा. परीक्षेतल्या अशा प्रश्नाच्या चार पर्यायांपैकी तीन या गोष्टीचा एकेक तुकडा सांगतात. दुखणं नेमकं कुठे आहे हे कळलेल्यालाच बरोबर पर्याय दिसतो.

ऑफिसचे विंडोज सर्व्हर सांभाळतो. अ‍ॅझ्युरमध्ये कुठून सुरुवात करू?

थेट AZ-104, म्हणजे अ‍ॅझ्युर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असोसिएट. AZ-900 या पायाभूत परीक्षेचं साहित्य मायक्रोसॉफ्ट लर्नवर फुकट वाचता येतं. तेवढं वाचा, परीक्षेची फी वाचवा. AZ-305 हा आर्किटेक्टचा टप्पा आहे आणि त्याचं प्रमाणपत्र AZ-104 असल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे इथला क्रम ठरलेलाच आहे.

समजा जळगावच्या एमआयडीसीतलं ऑफिस आहे: चाळीस संगणक, एक डोमेन कंट्रोलर, एक फाइल सर्व्हर, टॅली चालणारा एक सर्व्हर आणि रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप. हाच तुमचा अभ्यासक्रम समजा आणि एकेक भाग अ‍ॅझ्युरवर नेऊन पाहा.

पहिली ठेच परवानग्यांना लागते. डोमेन अ‍ॅडमिन म्हणजे सर्वेसर्वा ही सवय असते. अ‍ॅझ्युरमध्ये एंट्राचे, म्हणजे युजर आणि लॉगिन सांभाळणाऱ्या डिरेक्टरीचे, रोल आणि सबस्क्रिप्शनवरचे रोल वेगळे आहेत. ग्लोबल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही एखादा व्हर्च्युअल मशीन आपोआप दिसत नाही. त्याला सबस्क्रिप्शनवर हक्क द्यावा लागतो किंवा स्वतःचा अ‍ॅक्सेस वाढवून घ्यावा लागतो.

दुसरी ठेच आयपीची. ऑफिसचं नेटवर्क राउटरने दिलं तसं `192.168.1.0/24` असतं, आणि सवयीने अ‍ॅझ्युरच्या व्हीनेटला, म्हणजे तिथल्या खाजगी नेटवर्कलाही, तेच दिलं जातं. मग व्हीपीएन जोडूनही ऑफिसच्या मशीनला अ‍ॅझ्युरमधला `192.168.1.20` सापडत नाही. त्या मशीनच्या मते तो पत्ता इथल्याच स्विचवर आहे, म्हणून ते पाकीट गेटवेकडे पाठवतच नाही. व्हीनेटला `10.20.0.0/16` असं वेगळं घर द्या. आणि व्हीपीएन गेटवे सराव झाला की लगेच काढा. तो तयार व्हायलाच पाऊण तास लागू शकतो आणि रिकामा असला तरी तासाचं बिल चालू असतं.

तिसरी ठेच बिलाची. विंडोजच्या आतून शटडाउन केलं की मशीन "Stopped" दिसतं, पण प्रोसेसरचं बिल चालूच राहतं. "Stopped (deallocated)" दिसलं पाहिजे:

```
az vm deallocate --resource-group lab-rg --name vm1
```

त्यानंतरही डिस्कचे पैसे लागतातच. नव्या अ‍ॅझ्युर खात्याला २०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, पण फक्त ३० दिवसांसाठी. म्हणून वाचन आधी संपवा, मग खातं उघडा आणि त्या तीस दिवसांत फाइल सिंक, बॅकअपसाठी रिकव्हरी सर्व्हिसेस व्हॉल्ट, आणि एक फाइल मुद्दाम पुसून परत आणण्याचा सराव करा. फाइल परत आणून पाहिली नसेल तोवर बॅकअप आहे असं धरू नका.

AZ-104 च्या परीक्षेत मायक्रोसॉफ्ट लर्न उघडून पाहता येतं, पण घड्याळ थांबत नाही. एखाद्या कमांडचा शब्द तपासायला ते ठीक. विषय तिथे शिकायला वेळ नसतो. प्रमाणपत्र एक वर्षाचं असतं. शेवटच्या सहा महिन्यांत घरबसल्या फुकट नूतनीकरण होतं. ती तारीख चुकली तर पूर्ण फी भरून पुन्हा परीक्षा.

मी लिनक्सवाला अ‍ॅडमिन आहे, मग?

एडब्ल्यूएस घ्या. आधी SAA-C03, मग निम्म्या फीत क्लाउडऑप्स इंजिनिअर असोसिएट (SOA-C03). ही जुनी सिसऑप्स परीक्षा. सप्टेंबर २०२५ अखेर तिचं नाव आणि कोड बदलला. SOA-C02 लिहिलेलं साहित्य विकत घेऊ नका.

मराठी माध्यमातून शिकलो. इंग्रजी प्रश्न वाचायला वेळ लागतो. काही सोय आहे का?

आहे, आणि ती फार थोड्या जणांना माहीत असते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना एडब्ल्यूएस इंग्रजी परीक्षेत ३० मिनिटं जादा देतं, फुकट. सर्टिफिकेशन खात्यात "ESL +30" अशी मागणी एकदाच करायची. पण ती परीक्षा बुक करण्याआधी करावी लागते. आधीच बुक केलेल्या परीक्षेला ती लागत नाही. १३० चे १६० मिनिटं होतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका.

घरून परीक्षा द्यावी की केंद्रावर?

वीज आणि इंटरनेट भरवशाचं असेल तरच घरून. परीक्षा चालू असताना जोडणी तुटली तर पुन्हा जोडून घेण्यात वेळ आणि धीर दोन्ही जातात. इन्व्हर्टरवर राउटरही आहे ना ते बघा; बहुतेक घरांत फक्त पंखे आणि दिवे असतात. खोलीत दुसरं कोणी आलं तर परीक्षा रद्द होऊ शकते, तेव्हा घरच्यांना आधी सांगा. हे जमत नसेल तर पिअर्सन व्ह्यूच्या साइटवर केंद्र शोधा आणि नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरला जावं लागलं तरी आदल्या दिवशी मुक्कामी जा. पहाटेची गाडी पकडून नऊच्या परीक्षेला बसू नका.

नाव कसं लिहायचं?

नोंदणी करतानाच ओळखपत्रावर इंग्रजीत जसं आहे तसं. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं असं असतं. तीच सवय फॉर्ममध्ये उतरते आणि पहिल्या नावाच्या जागी पाटील किंवा चौधरी जातं. परीक्षेच्या दिवशी नाव जुळलं नाही तर बसू देत नाहीत आणि फीही जाते. पासपोर्ट असेल तर तोच वापरा, त्यात नाव आणि आडनाव वेगवेगळ्या ओळींत छापलेलं असतं. चूक लक्षात आली तर परीक्षेच्या काही दिवस आधीच खात्यातून दुरुस्तीची मागणी करा.

नापास झालो तर?

एडब्ल्यूएसमध्ये १४ दिवस थांबून पूर्ण फी भरून पुन्हा बसता येतं. मायक्रोसॉफ्टमध्ये पहिल्यांदा २४ तासांनी, त्यापुढे १४ दिवसांनी. एडब्ल्यूएसच्या निकालपत्रात विभागवार तक्ता असतो. ज्या विभागासमोर "Needs Improvement" आहे आणि ज्याचं वजन जास्त आहे, तो आधी घ्या. प्रत्येक विभागात वेगळं पास व्हावं लागत नाही, एकूण गुण पाहिले जातात. त्यामुळे आर्किटेक्टमध्ये ३० टक्क्यांचा सुरक्षा विभाग कच्चा असताना २० टक्क्यांच्या खर्चाच्या विभागावर दोन आठवडे घालवणं परवडत नाही.